बेरजेतला पहिला

वक्तृत्व स्पर्धेत परीक्षकांचं मनोगत सगळ्यात अडचणीच्या वेळी येतं. शेवटचा स्पर्धक बोलून झालेला असतो, गुणपत्रिका गोळा झालेल्या असतात, एका खोलीत दोन शिक्षक बेरजा करत असतात, आणि तेवढा वेळ भरून काढायला कुणीतरी परीक्षकाच्या हातात माईक देतो. समोरच्या मुलांना त्याच्या बोलण्यातलं एक अक्षरही नको असतं. त्यांना नंबर हवे असतात. परीक्षकालाही हे ठाऊक असतं, म्हणून तो हमखास वाक्यांकडे वळतो: आज इथे कुणीच हरलं नाही, सहभाग महत्त्वाचा, निर्णय देणं फार कठीण गेलं. यातलं तिसरं वाक्य बहुधा खरं असतं. पण कठीण का गेलं ते कुणी सांगत नाही.

तामसीच्या मराठी शाळेतल्या स्पर्धेला परीक्षक म्हणून गेलो, तेव्हा ते सांगायचं असं ठरवूनच गेलो होतो. तामसी हे तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यातलं मंडलाचं गाव. उत्तरेला पैनगंगा, आणि नदीच्या पलीकडे यवतमाळ जिल्हा. १९५६ मध्ये भाषावार राज्यं झाली तेव्हा आदिलाबादचा किनवट भाग मराठी मुलखात गेला आणि तामसीसारखी गावं आंध्रात राहिली. पुढे २०१४ मध्ये ती तेलंगणात आली. इथलं पोर शाळेत मराठी शिकतं, तेलुगू शिकतं (२०१८ च्या कायद्यानं तेलुगू सगळ्याच शाळांत सक्तीची झाली आहे), बाजारात हिंदी-उर्दूची खिचडी ऐकतं, आणि घरी वऱ्हाडी वळणाची मराठी, गोंडी, कोलामी किंवा बंजारा बोलतं. अशा मुलाला व्यासपीठावर उभं करून ‘भाषा व उच्चार: २० गुण’ असा रकाना भरायचा, हे काम दिसतं तेवढं साधं नाही.

आम्ही तिघे परीक्षक होतो. मी, आदिलाबादचे एक निवृत्त मुख्याध्यापक, आणि पलीकडून, यवतमाळकडून आलेले एक तरुण प्राध्यापक. गुणपत्रिका नेहमीची होती. आशय ३०, मांडणी २०, भाषा व उच्चार २०, सादरीकरण २०, वेळ १०. प्रत्येकाला पाच मिनिटं, चार मिनिटांना पहिली घंटा, पाचला दुसरी. दुसऱ्या घंटेनंतर दर दहा सेकंदांना दोन गुण वजा. वेळेचे गुण घड्याळ घेऊन बसलेल्या बाई देणार आणि तेच तिघांच्या पत्रिकेत उतरणार, असं ठरलं. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण मी पाहिलेल्या बऱ्याच स्पर्धांत तीन परीक्षक तीन अंदाजांनी वेळेचे गुण देतात. घड्याळ एकच असताना त्यावर तीन मतं कशी असू शकतात, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

विषय चार होते. ‘मोबाइल: शाप की वरदान’ हा असणारच होता. तो नसेल तर स्पर्धेला मान्यता मिळत नाही की काय, अशी शंका येते. बाकीचे ‘माझं गाव’, ‘पाणी’ आणि ‘मला आवडलेलं पुस्तक’. निम्म्याहून जास्त मुलं मोबाइलवर बोलली. त्यातल्या दोघांच्या भाषणात एक अख्खा परिच्छेद शब्दशः सारखा आला आणि मागच्या बाकांवर हशा पिकला. भाषण दुसऱ्या कुणी लिहून दिलेलं आहे, हे ओळखायला असा अपघातच घडावा लागतो असं नाही. पाठ केलेल्या वाक्यात आघात चुकीच्या शब्दावर पडतो. हात ठरलेल्या शब्दाला वर जातो, आणि तो शब्द पुढे-मागे झाला तर हात आधी जातो, शब्द मागून येतो. सगळ्यात पक्की खूण अशी की मूल अडखळलं की त्याला वाक्य पुन्हा पहिल्यापासून धरावं लागतं. स्वतःचं बोलणारं मूल अडखळलं तर तिथूनच दुसऱ्या शब्दांनी पुढे जातं. तरीही ‘हे तुझं नाही’ म्हणून गुण कापणं मला पटत नाही, कारण ते सिद्ध करता येत नाही. आशयाच्या तिसांतले दहा गुण मी मनाशी स्वतःच्या उदाहरणासाठी राखून ठेवतो, आणि ज्याच्याकडे ते नाही त्याला ते मिळत नाहीत. कापण्यापेक्षा न देणं बरं. मुलालाही ते समजावून सांगता येतं.

आणखी एक सवय मी लावून घेतली आहे. प्रत्येक रकान्यासमोर अंक लिहिण्याआधी मुलाच्या भाषणातली एखादी गोष्ट लिहायची: एखादा शब्द, एखादं उदाहरण, एखादी विरामाची जागा. नुसता अंक लिहिला की मेंदू लबाडी करतो. चांगला आवाज ऐकला की आशयही चांगला वाटू लागतो, मांडणीही नेटकी वाटते, आणि पाच रकान्यांत मिळून आपण एकच मत पाच वेळा लिहून ठेवतो. मानसशास्त्रात एडवर्ड थॉर्नडाइकनं १९२० मध्ये नेमकी हीच गोष्ट दाखवली होती. लष्करी अधिकारी हाताखालच्या माणसांची बुद्धी, शरीरयष्टी, नेतृत्व असे वेगवेगळे गुण मोजत होते, पण आकडे सगळे एकमेकांच्या मागे धावत होते. आपल्या गुणपत्रिकेवर ताडून पाहायचं असेल तर दोन मुलांचे रकाने शेजारी ठेवावेत. पाचही रकान्यांत एकच मूल पुढे असेल आणि तेही जवळजवळ सारख्याच अंतरानं, तर समजावं की आपण पाच गोष्टी मोजलेल्या नाहीत.

आता त्या दिवसाची खरी गोष्ट. मुलांची नावं सांगत नाही. स्पर्धेतही आमच्या समोर क्रमांकच होते.

क्रमांक चारची मुलगी ‘पाणी’ या विषयावर बोलली, आणि बोलली पैनगंगेवर. उन्हाळ्यात नदीचं पात्र कसं उघडं पडतं, आत्याच्या गावाला जाताना पाण्यातून चालत कसं जाता येतं, आणि पावसाळ्यात तोच रस्ता किती लांबचा होतो. मग एकदम म्हणाली की नदीच्या मधोमध उभं राहिलं तर एक पाय एका राज्यात असतो, एक दुसऱ्या राज्यात, पण पाय दोन्ही ओलेच असतात. हे तिला कुणी लिहून दिलेलं नव्हतं. पण ती ‘पानी’ म्हणाली, ‘डोया’ म्हणाली, एकदा ‘कोनाचं’ म्हणाली; इथल्या घराघरांत बोलतात तसंच. आणि वेळ गेली वीस सेकंद वर. चार गुण तिथे गेले.

क्रमांक नऊचा मुलगा मोबाइलवर बोलला. आवाज खणखणीत, ळ आणि ण जिथल्या तिथे, हातवारे मोजके, आणि भाषण चार मिनिटं पन्नास सेकंदांत अगदी घंटेच्या उंबऱ्यावर संपलं. मुद्दे मात्र कुठल्याही शाळेत, कुठल्याही गावात चालतील असे. क्रमांक सातची मुलगी गोंडी बोलणाऱ्या घरातली. ती ‘माझं गाव’वर बोलली, बेतानं, स्पष्ट, ना फार उंच ना फार खाली. मध्ये एकदा विसरली, डोळे मिटले, चार-पाच श्वास गेले, आणि पुढचं वाक्य अगदी शांतपणे धरलं. विसरण्याला आमच्या पत्रिकेत वेगळा रकाना नव्हता. मी सादरीकरणातून एक गुण कमी केला. परत सावरून बोलली नसती तर तीन केले असते.

बाकीची मुलं या तिघांच्या बरीच मागे होती, त्यावर आमचं तिघांचं एकमत होतं. या तिघांना मिळालेले गुण असे. माझ्याकडून क्रमांक चारला ७६, सातला ७४, नऊला ७३. मुख्याध्यापकांकडून चारला ८१, सातला ८०, नऊला ७८. प्राध्यापकांकडून चारला ६२, सातला ७१, नऊला ८०.

आता बेरीज करा. चारला २१९, सातला २२५, नऊला २३१. म्हणजे नऊ पहिला, सात दुसरी, चार तिसरी. पण मी आणि मुख्याध्यापक, दोघांनीही चारला पहिलं ठेवलं होतं. तीनपैकी दोन परीक्षक ज्या मुलीला सर्वोत्तम म्हणतात ती बेरजेत तिसरी येते. यात कुणी लबाडी केलेली नाही आणि बेरीजही चुकलेली नाही. कारण एवढंच की आमची दोघांची पट्टी आखूड होती. मी पहिल्या आणि तिसऱ्यात तीन गुणांचं अंतर ठेवलं, मुख्याध्यापकांनीही तीनच. प्राध्यापकांनी ठेवलं अठरा. बेरजेत ज्याचं अंतर मोठं त्याचं मत मोठं. हात आखडता ठेवणारे दोघे परीक्षक मिळूनही हात सैल सोडणाऱ्या एकाला पुरे पडत नाहीत. कडक परीक्षक आणि उदार परीक्षक हा फरक लोकांना ठाऊक असतो, पण त्याचं फारसं बिघडत नाही. सगळ्यांनाच दहा गुण कमी दिले तर क्रम तोच राहतो. बिघडवतं ते अंतर.

हे होऊ शकतं याची कल्पना असल्यामुळे मी सकाळीच सुचवलं होतं की गुणांची बेरीज न करता क्रमांकांची करूया. प्रत्येक परीक्षकानं आपल्या गुणांवरून पहिला, दुसरा, तिसरा असे क्रम लावायचे, ते क्रम मिळवायचे, आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी तो पहिला. शाळेतल्या सरांना हे नवीन होतं, पण पटलं, आणि स्पर्धा सुरू होण्याआधी त्यांनी ते मुलांना सांगूनही टाकलं. आता या पद्धतीनं काय होतं? चारला एक, एक आणि तीन, मिळून पाच. सातला दोन, दोन, दोन, मिळून सहा. नऊला तीन, तीन, एक, मिळून सात. म्हणजे चार पहिली, सात दुसरी, नऊ तिसरा. वरची यादी खाली आणि खालची वर. सातच्या मुलीला दोन्हीकडे दुसरं बक्षीस. तिच्याबद्दल तिघांचं एकमत, म्हणून कोणतीही पद्धत तिला हलवू शकली नाही.

मनोगतासाठी उभा राहिलो तेव्हा मुलांना हे सांगायचं की नाही, यावर मुख्याध्यापक जरा बिचकले होते. ‘पोरं गोंधळतील, आणि पालक तर नक्कीच,’ असं त्यांचं म्हणणं. मला उलट वाटत होतं. नऊच्या मुलाला निकाल ऐकून वाटणार होतं की आपलं भाषण बिघडलं. ते बिघडलं नव्हतं. तीनपैकी एका परीक्षकानं त्याला सगळ्यांच्या वर ठेवलं होतं आणि वेगळ्या नियमानं तो पहिला आला असता. हे त्याला माहीत असणं हा त्याचा हक्क आहे. तसंच चारच्या मुलीलाही कळायला हवं होतं की तिच्या भाषणात असं काही आहे जे एका जाणकाराला खटकलं.

त्यामुळे मी आधी कौतुक केलं, पण क्रमांक घेऊन आणि गोष्ट घेऊन. सातला सांगितलं की विसरल्यावर तू जी शांत राहिलीस ते मी माझ्या कागदावर लिहून ठेवलंय. एका सहावीच्या मुलानं ‘आदरणीय व्यासपीठ’, गुरुजनवर्ग आणि बालमित्र या सगळ्यांना फाटा देऊन थेट विहिरीपासून सुरुवात केली होती. त्याला म्हटलं, बाकीच्यांनी नमस्कारातच पाऊण मिनिट घालवलं तेव्हा तू विहिरीत उतरलेलासुद्धा होतास. मुलं हसली. पाच मिनिटांतलं पाऊण मिनिट म्हणजे जवळपास सातवा हिस्सा, हा हिशोब त्यांनी मनातल्या मनात केलेला दिसला. नऊला त्याच्या वेळेच्या नेमकेपणाबद्दल सांगितलं. त्याच्या मुद्द्यांबद्दल जे सांगायचं होतं ते माइकवर सांगितलं नाही. कौतुक चारचौघांत करावं, पद्धतही चारचौघांत सांगावी, पण कमी पडलेले गुण हातात कागद देऊन एकट्याला सांगावेत, असा माझा नियम आहे. व्यासपीठावरून उणं दाखवलं की मूल ते ऐकत नाही, फक्त लोक आपल्याकडे बघतायत एवढंच त्याला कळतं.

मग फळ्यावर तीन ओळी लिहिल्या आणि वरची बेरीज त्यांच्याकडूनच करून घेतली. आठवी-नववीच्या मुलांनी ती माझ्यापेक्षा लवकर केली. दोन याद्या समोर आल्या तेव्हा मागून एका पालकांनी विचारलं, ‘सर, मंग खरा पहिला कोन?’

प्रश्न अगदी रास्त होता. मी सांगितलं की दोन्ही पद्धतींत काहीतरी हातचं सुटतं. क्रमांकांच्या बेरजेत माझा तीन गुणांचा फरक आणि प्राध्यापकांचा अठरा गुणांचा फरक सारखेच मोजले जातात. समजा त्यांना खरोखरच दोन भाषणांत जमीन-अस्मानाचं अंतर दिसलं असेल आणि आम्हाला दोघांना ते दिसलंच नसेल, तर त्यांचं ते दिसणं आम्ही पुसून टाकलं. शिवाय क्रमांकांची आणखी एक खोड आहे, आणि ती बर्फावरच्या स्केटिंगनं जगाला दाखवली. तिथे पूर्वी परीक्षकांचे गुण शेवटी क्रमांकांतच बदलत असत. मग कधी असं व्हायचं की पहिले दोघे खेळून झालेले, त्यांचा क्रम लागलेला, आणि नंतर आलेल्या तिसऱ्याच खेळाडूच्या खेळानं त्या दोघांचा आपापसातला क्रम उलटायचा. त्या दोघांनी काहीही केलेलं नसताना. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये परीक्षकांच्या संगनमताचं प्रकरण गाजलं, त्यानंतर २००४ पासून ती पद्धत जाऊन गुणांच्या बेरजेची पद्धत आली. म्हणजे तामसीत आम्ही जी पद्धत नव्यानं आणली तिच्याच जातीची पद्धत तिकडे सोडून दिलेली होती. हे मी मुलांना सांगितलं तेव्हा पहिल्या रांगेतल्या शिक्षकांच्या चेहऱ्यावरून काही ठरवता येईना.

तिसरा एक मार्ग आहे. प्रत्येक परीक्षकाची पट्टी आधी सारखी करून घ्यायची. त्यानं सर्व मुलांना दिलेल्या गुणांची सरासरी काढायची, त्याचे गुण सरासरीपासून साधारण किती दूर पसरतात ते काढायचं, आणि प्रत्येक मूल त्या पसाऱ्याच्या किती पट वर किंवा खाली आहे ते मोजायचं. यात अंतरही राहतं आणि सैल हाताचा जोरही ओसरतो. काही मोठ्या परीक्षांत असंच करतात. पण त्याला प्रत्येक परीक्षकानं बरीच मुलं पाहिलेली असावी लागतात, आणि ज्या खोलीत दोन सर घाईघाईनं बेरजा करत असतात तिथे वर्गमूळ काढायला सांगणं मला जमलं नसतं. म्हणून त्या पालकांना म्हटलं, खरा पहिला असा कुठे लिहून ठेवलेला नसतो. भाषण सुरू होण्याआधी जो नियम सांगितला त्या नियमानं चार पहिली आहे. निकाल लागल्यावर नियम बदलला असता, मग तो तिच्या बाजूनं असो वा तिच्या विरुद्ध, तर मात्र ती गडबड झाली असती. ते समाधान पावले असं म्हणवत नाही. पण त्यांनी मान डोलावली आणि शेजाऱ्याला फळ्यावरचं समजावून सांगू लागले.

समारंभ आटोपल्यावर मी प्राध्यापकांच्या पत्रिका मागून घेतल्या, कारण ते अठरा गुण कुठून आले ते मला पाहायचं होतं. त्यांनी आनंदानं दिल्या. चारला त्यांचे गुण होते: आशय २४, मांडणी १४, भाषा ७, सादरीकरण ११, वेळ ६. नऊला: आशय २१, मांडणी १५, भाषा १८, सादरीकरण १६, वेळ १०. म्हणजे आशयात त्यांनीही चारच्याच मुलीला तीन गुण जास्त दिले होते! चार गुण घड्याळाचे, एक मांडणीचा, पाच सादरीकरणाचे, आणि अकरा एकट्या भाषा-उच्चाराचे. त्या अंतराचा सर्वांत मोठा वाटा त्या एका रकान्याचा होता. माझ्या पत्रिकेत याच रकान्यात चारला १४ आणि नऊला १५ होते.

मग आमची बसल्या बसल्या चांगलीच जुंपली. प्राध्यापकांचं म्हणणं सोपं होतं. स्पर्धा प्रमाण मराठीची आहे, ‘पानी’ म्हणणं हा प्रमाणभाषेत उच्चारदोष आहे, आणि पुढच्या फेरीत, जिल्ह्यात किंवा पलीकडे कुठे हीच मुलगी गेली तर तिथे तिला कुणी सवलत देणार नाही. आज आपण गोंजारलं तर उद्या ती तोंडघशी पडेल. मुख्याध्यापक थोडे भावुक झाले. वणीला प्राचार्य राम शेवाळकरांची व्याख्यानं ऐकायला ते तरुणपणी जात असत. त्या वाणीतलं एकेक व्यंजन कसं सुटं आणि टणटणीत यायचं ते सांगताना त्यांचा आवाज बदलला. तरीही ते म्हणाले की त्या मापानं मोजायचं तर तामसीतल्या एकाही मुलाला वीसपैकी दहाही देता येणार नाहीत, आणि मग तो रकाना काय मोजतो?

माझं मत त्यांच्या जवळचं, पण कारण वेगळं. उच्चाराचे गुण कशासाठी देतो, तर ऐकणाऱ्याला शब्द चटकन कळावा म्हणून. ‘पानी’ म्हटल्यानं सभागृहात एकालाही काही कळायचं राहिलं नाही. उलट शेवटचा शब्द गिळणारी मुलं होती, वाक्याच्या टोकाला आवाज इतका खाली नेणारी की क्रियापद ऐकूच येऊ नये. मराठीत क्रियापद शेवटी येतं. ते गेलं की वाक्य झालं की नाही झालं, होकार होता की नकार, काहीच समजत नाही. अशा मुलांना प्राध्यापकांनी १४-१५ दिले होते, कारण त्यांचा ण शाबूत होता. शिवाय चारच्या मुलीचा उच्चार सगळीकडे एकसारखा होता. जिथे ण यायचा तिथे दर वेळी न. याला मी सवय म्हणेन, चूक नाही. चूक तेव्हा, जेव्हा मूल एकाच वाक्यात कधी पाणी आणि कधी पानी म्हणतं आणि दोन्हीकडे घसरतं. गोंडी किंवा तेलुगू घरातल्या मुलांच्या बाबतीत तर अजून सावध राहावं लागतं. तेलुगू शब्द बहुतेक स्वरानं संपतात, म्हणून तिथून आलेलं मूल मराठी शब्दाच्या शेवटीही बारीकसा स्वर लावून जातं. ते ऐकू येतं, आपल्याला खटकतं, पण अर्थाच्या आड येत नाही.

प्राध्यापकांना हे सगळं पटलं नाही, आणि मला वाटतं त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहेच. प्रमाण उच्चार शिकवणं हे शाळेचं काम आहे आणि त्याची दखल कुठेतरी व्हायला हवी. पण वीस गुणांच्या रकान्यात ती दखल इतकी वजनदार होऊ नये की तिच्यामुळे बाकी ऐंशी गुणांनी सांगितलेलं खोटं पडावं. शेवटी त्यांनी चारच्या मुलीला बोलावलं आणि स्वतः तिला सांगितलं, आशयात मी तुला सर्वांत जास्त दिलेत, भाषेत सर्वांत कमी, आणि का ते. पाणी, डोळा, कोणाचं हे तीन शब्द तिच्याकडून म्हणवून घेतले. ण तिला लगेच आला. ळ येईना. तीनदा म्हटल्यावर आला, आणि मग ती उगीचच ज्याच्या त्याच्यात ळ घालू लागली.

नऊचा मुलगा पत्रिका घेऊन माझ्याकडे आला. आशयात ३० पैकी १९ का, हा त्याचा प्रश्न. मी त्याच्या मुद्द्यांशेजारी लिहिलेलं दाखवलं: ‘हे कुणाच्याही घरात घडू शकेल, तुझ्या घरात काय घडतं?’ तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, आमच्या घरी एकच मोबाइल आहे आणि तो बाबांसोबत कापसाच्या गाडीवर जातो, आदिलाबादच्या यार्डात. तिथून बाबा भाव कळवतात, आईला, शेजारच्यांच्या फोनवर. म्हटलं, हेच का नाही बोललास? तर म्हणाला, ते कुठं भाषणात सांगतात का!

निघण्याआधी सरांनी गुणपत्रिकेचा नमुना पुढे केला आणि पुढच्या वर्षासाठी काय बदलायचं ते विचारलं. भाषा-उच्चाराचे वीस गुण फोडून बारा गुण ‘शेवटच्या बाकापर्यंत शब्द कळतो का’ याला आणि आठ प्रमाण उच्चाराला ठेवायचे, यावर प्राध्यापकही तयार झाले. दुसरी सूचना अशी की स्पर्धेच्या सकाळी तिन्ही परीक्षकांनी एकत्र बसून एक नमुना भाषण ऐकावं, आपापले गुण द्यावेत, आणि रकान्यागणिक फरक पाहून पट्टी जुळवून घ्यावी. म्हणजे कुणाचा हात आखडता आणि कुणाचा सैल हे मुलांच्या नशिबावर नव्हे तर त्या नमुन्यावर कळेल. नमुना भाषण कुणी करायचं? स्पर्धकानं करणं बरोबर नाही. मग सर म्हणाले, मी करतो, मोबाइलवरच करतो. अट एकच: माझे गुण फळ्यावर लिहायचे नाहीत.